जाळ हवा, धूर नको

कोल्हापुरात एखादी गोष्ट मनासारखी जोरात झाली की तिला एकच पावती मिळते : जाळ न् धूर संगटच! खासबागेच्या मैदानात कुस्ती दोन मिनिटांत निकाली निघाली, संगटच. रिक्षावाल्यानं ब्रेक न लावता बिंदू चौकात वळण घेतलं, संगटच. पोराला दहावीत अपेक्षेपेक्षा दहा टक्के जास्त पडले, तेही संगटच. पोर नापास झालं तर घरात जे होतं त्यालाही तेच म्हणतात, फक्त सूर वेगळा असतो.

हे तत्त्वज्ञान या गावात सगळीकडे चालतं. एका जागी मात्र चालत नाही, आणि ती जागा नेमकी चुलीवर आहे. मोहरी, जिरं आणि कढीपत्त्याच्या फोडणीला जाळ लागतो, पण धूर दिसला की ती गेली. जाळ न् धूर संगट आले की भांडं घासायला टाकायचं आणि तेल परत मोजायचं. ही गोष्ट कोल्हापुरी माणसाला पटवणं म्हणजे पांढऱ्या रश्श्यात साखर घाला म्हणण्याइतकंच धाडसाचं काम आहे.

बाहेरच्या माणसाला वाटतं, इथं जेवण म्हणजे तांबडा आणि पांढरा. हे दोन्ही रस्से मोहरी-कढीपत्त्याच्या भानगडीत सहसा पडत नाहीत. तिथं खडा मसाला असतो, भाजलेलं कांदा-खोबरं असतं, आणि तांबड्यात कांदा-लसूण चटणी असते. ही चटणी मोठी दयाळू. सुरुवातीला तेलात काही करपलं असेल तर ती सगळं पोटात घालते. खाणारा घाम पुसत असतो, त्याला जिऱ्याची चौकशी करायला वेळ नसतो. मिसळीच्या कटाचंही तेच. वर बोटभर तर्री आली की खाली काय घडलं होतं याचा तपास बंद होतो.

पण उन्हाळा सुरू झाला की याच घरांत दहीबुत्ती होते. बेळगावच्या बाजूनं आलेला आणि आमच्याकडे कायमचा राहिलेला हा पाहुणा. मऊ भात, दही, दूध, मीठ, आणि वरून फोडणी. बस्स. लपायला जागाच नाही. पांढऱ्याशुभ्र भातावर करपलेला प्रत्येक जिऱ्याचा दाणा स्वतः उभा राहून साक्ष देतो. तांबडा रस्सा उत्तम करणारी भली भली माणसं दहीबुत्तीत उघडी पडतात. माझ्या मते कुणाला स्वयंपाक येतो की नाही हे बघायचं असेल तर मटण करायला सांगू नये, दहीबुत्ती करायला सांगावी.

आमचे दाजी असेच उघडे पडले. दाजी म्हणजे ताईचे मालक. पांढऱ्या रश्श्यात त्यांचा हात धरणारा पेठेत कुणी नाही, निदान त्यांचं स्वतःचं तरी तसं मत आहे. त्यांच्या गॅसच्या बटणाला दोनच जागा ठाऊक आहेत : बंद आणि पूर्ण. मधल्या जागा कंपनीनं शोभेसाठी ठेवल्यात अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. एका रविवारी उन्हाच्या कडाक्यात त्यांनी जाहीर केलं, "आज दहीबुत्ती मी करतो. बायकांनी आराम करायचा." बायकांनी आराम केला नाही. दाजी स्वयंपाकघरात आणि बायका दारात, असा बंदोबस्त लागला. आमची सत्तरी ओलांडलेली आत्ती तर स्टूल घेऊनच आली.

दाजींनी मोठी कढई चढवली. गॅस पूर्ण. त्यात चार चमचे तेल घातलं. कढईच्या बुडावर ते तेल असं पसरलं की कुठं आहे ते शोधावं लागत होतं. पहिली गडबड इथंच झाली होती, पण दाजी निश्चिंत होते. एवढ्या रुंद भांड्यात तेलाचा थर दाण्याच्या उंचीएवढाही राहत नाही. मग मोहरी आणि जिरं तेलात तळलं जात नाही, अर्धं तेलात आणि अर्धं तापल्या लोखंडावर भाजलं जातं. खालून काळं, वरून कच्चं. म्हणून तर जुन्या घरांतून फोडणीची वेगळी लोखंडी पळी असायची. लांब दांड्याची, खोलगट, वाटीएवढ्या तोंडाची. तिच्यात दोन चमचे तेलसुद्धा एका जागी गोळा होतं आणि सगळे दाणे बुडतात.

"पळी घ्या की, पावणं," आत्ती म्हणाली.

"पळीत काय मावतंय, आत्ती? दहा माणसांची फोडणी हाय."

दहा माणसांनाही दोन पळ्या फोडणी पुष्कळ होते, पण पुरुष माणूस स्वयंपाकाला लागला की भांडं ऐपतीपेक्षा एक नंबर मोठं घेतो.

त्यात तेल घाण्याचं. सध्या आमच्याकडे लाकडी घाण्याच्या शेंगतेलाची चलती आहे. डबा हातात घेऊन माणसं देवाचा प्रसाद आणल्यासारखी घरी येतात. तेल चांगलंच असतं, त्याबद्दल वाद नाही. शेंगेचा वास टिकलेला असतो. पण त्या वासाबरोबर शेंगेचा बारीक साका आणि बाकी ऐवजही त्यात टिकलेला असतो, आणि तो लवकर जळतो. रिफाइंड शेंगतेल सुमारे २३० अंश सेल्सिअसपर्यंत धूर न सोडता दम काढतं. घाण्याचं न शुद्ध केलेलं तेल १६० च्या आसपासच धुरावायला लागतं. मोहरी नीट तडतडायला तेल जवळपास तेवढंच तापावं लागतं. म्हणजे मोहरी तडतडली आणि तेल धुरावलं, यांत जी मोकळी जागा रिफाइंड तेलात ऐसपैस असते, ती घाण्याच्या तेलात चिंचोळ्या बोळाएवढी उरते. त्या बोळातून दाजी गॅस पूर्ण करून निघाले होते.

तेलावर निळसर धूर आला. दाजींचा चेहरा खुलला. "आता बघा!" म्हणून त्यांनी मूठभर मोहरी टाकली. मोहरीनं तडतडायचे कष्टच घेतले नाहीत. एकदम फाडफाड आवाज झाला, निम्मी मोहरी ओट्यावर, काही कॅलेंडरवर आणि एक दाणा आत्तीच्या चष्म्यावर. उरलेली कढईत काळी ठिक्कर. मागोमाग जिरं गेलं आणि पडता पडताच कोळसा झालं. कढीपत्ता थेट नळाखालून आला होता, त्यामुळं त्यानं जो आवाज केला तो ऐकून खालच्या मजल्यावरचे काका वर आले.

"काय झालं वो?"

"काय न्हाई, फोडणी," ताई म्हणाली.

"आयला! वास आलाय बरं का झकास," काका म्हणाले आणि खाली गेले. दाजींनी आमच्याकडे विजयी नजरेनं पाहिलं.

सगळा घोळ या 'वास आलाय झकास' मध्ये आहे. फोडणीचा वास गल्लीभर पसरला की करणाऱ्याची मान ताठ होते. खरं तर जो वास खालच्या मजल्यावर गेला, तो ताटात नाही. जिऱ्याचा काय आणि कढीपत्त्याचा काय, सुगंध त्यांच्या अंगातल्या तेलात असतो आणि ती तेलं उडून जाणारी असतात. फोडणीचं काम एवढंच की हा सुगंध दाण्यातून बाहेर काढायचा आणि हवेत जाण्यापूर्वी तेलात अडकवायचा. तेलात तो मुरतो, पाण्यात फारसा मुरत नाही. म्हणून वरणाला नुसतं जिरं घालून उकळलं तर ते बुडाशी जाऊन बसतं, आणि तेच जिरं तेलातून आलं तर प्रत्येक घासाला भेटतं. तेल जितकं जास्त तापेल तितकं ते सुगंध धरून ठेवायचं सोडून उधळायला लागतं. चांगल्या फोडणीचा वास स्वयंपाकघराच्या दारापर्यंत यावा. जिन्यापर्यंत गेला तर हात सैल आहे म्हणायचं.

कढई मोरीत गेली. आत्तीनं पदर खोचला. आता जे झालं ते सावकाश सांगतो, कारण ते झालंच सावकाश.

पळी गॅसवर आली. गॅस मध्यम, म्हणजे दाजींना जी जागा शोभेची वाटायची तिथं. तेल दोन मोठे चमचे. चार-पाच माणसांच्या दहीबुत्तीला एवढं पुरतं, दहा होती म्हणून दोनदा केली. तेल तापताना ते आधी पातळ होतं, पळी तिरकी केली की भराभर वाहतं, पृष्ठभागावर हलकी थरथर दिसते. धूर यायच्या आधीची ही थरथर ओळखायची. आत्तीला ती दिसते, मला चष्मा लावूनही दिसत नाही, म्हणून माझ्यासारख्यांची सोय वेगळी : मोहरीचे दोन दाणे टाकायचे. ते गुमान तळाशी बसले तर थांबायचं. भोवती बुडबुडे धरून दोन-तीन सेकंदांत उडाले तर उरलेली मोहरी टाकायची. पडताक्षणी फुटले तर पळी आचेवरून उचलून धरायची, गॅस कमी करत बसायचं नाही. गॅस ऐकतो लगेच, लोखंड ऐकत नाही.

मोहरी अर्धा चमचा. आत्ती बारीक काळी मोहरी घेते. तिच्या आत थोडं पाणी असतं आणि वर घट्ट साल. तेल तापलं की त्या पाण्याची वाफ होते, वाट सापडत नाही, आणि साल फाडून बाहेर पडते. तो तड आवाज. आच फारच मंद ठेवली तर हे पाणी हळूहळू निसटून जातं आणि मोहरी न तडतडताच म्हातारी होते. तशी मोहरी दाताखाली आली की कडू लागते, आणि खाणारा म्हणतो फोडणी करपली. करपली नसते, उलट कच्ची राहिलेली असते. धास्तीनं आच कमी ठेवणाऱ्यांचं हे दुखणं. त्यांना वर 'जाळून ठेवलीस' म्हणूनही ऐकावं लागतं, हा दुहेरी अन्याय आहे.

मोहरी करपली हे डोळ्यांना कळत नाही, कारण ती जन्मतःच काळी. पण नीट तडतडलेली मोहरी फुगते आणि राखाडी दिसते. पळीत काळ्याची राखाडी झालेली दिसली की ती पास. चकचकीत काळी राहिली तर नापास, मग ती कच्ची असो की जळकी.

हीच मोहरी लोणच्याला फेसली की नाकातून पाणी काढते. दाजींचा प्रश्न होता, "मग फोडणीत एवढी गरीब का होती?" प्रश्न चांगला होता. मोहरीचा तो झणका दाण्यात तयार ठेवलेला नसतो. दाणा वाटला आणि पाणी लागलं की आतली दोन द्रव्यं एकत्र येतात आणि तेव्हा तो तयार होतो. तेलात पडल्याबरोबर त्यांतलं एक द्रव्य उष्णतेनं निकामी होतं, मग झणका जमतच नाही. उरतो तो भाजक्या शेंगदाण्याच्या जवळचा खमंगपणा. म्हणून दहीबुत्तीला झटका द्यायचा म्हणून फोडणीत मोहरी वाढवू नये. झटक्याला सांडगी मिरची आहे.

तडतड ऐन भरात असताना आत्तीनं पळीवर ताटली धरली. तडतड ओसरली, दोन आवाजांच्या मधे 'एक-दोन' म्हणण्याइतकी फट पडायला लागली, तसा तिनं गॅस बंद केला.

"बंद?" दाजी कळवळले. "आजून जिरं ऱ्हायलंय न्हवं!"

"म्हणूनच बंद केला," आत्ती म्हणाली. "जिरं म्हंजे काय मोहरी हाय व्हय? त्याला कवच न्हाई बिचाऱ्याला."

फोडणीतली सगळ्यात मोठी खुबी ही, आणि ती पाककृतींच्या पुस्तकांत 'मग जिरे घालावेत' एवढ्या तीन शब्दांत गुंडाळलेली असते. मोहरीला जेवढं तापलेलं तेल लागतं तेवढं जिऱ्याला सोसत नाही. जिरं लांबट, सडपातळ, पातळ सालीचं. तेलात पडलं की लगेच फेसाळतं, फुलतं, आणि चार-पाच सेकंदांत एक छटा गडद होतं. तिथं त्याचं काम संपलं. पुढच्या चार-पाच सेकंदांत ते तपकिरीचं काळं होतं आणि खमंग वासाच्या जागी जळक्या गवताचा वास येतो. आणि गॅस बंद केला तरी लोखंडी पळी पुढं बराच वेळ शिजवत राहते, म्हणून डोळ्यांना झालं असं वाटेपर्यंत थांबलं तर उशीर झालेला असतो. जिरं जरा कमीच झालंय असं वाटत असतानाच पुढचं पाऊल टाकायचं, बाकीचं ते जाता जाता होतं.

अर्धा चमचा जिरं गेलं. "फुललं बघा," आत्ती म्हणाली. चिमूटभर हिंग गेला. हिंगाचा कच्चा वास कुणालाच सोसत नाही, गरम तेलात तो एका क्षणात माणसाळतो. आणि लगेच दहा-बारा पानं कढीपत्ता.

कढीपत्त्याकडे आपल्याकडे फारसं कुणी मान देऊन बघत नाही. कपिलतीर्थ मंडईत कोथिंबिरीच्या पेंडीवर तो फुकट मागायची आपली पिढ्यान्पिढ्यांची सवय, आणि हल्ली त्याचे पैसे लावले तर आपल्याला बाजारात राम उरला नाही असं वाटतं. पण फोडणीत तो दोन कामं करतो. एक म्हणजे वास देतो, हे सगळ्यांना माहीत आहे. दुसरं असं की तो ब्रेक लावतो. पानात भरपूर पाणी असतं. ते वाफ होऊन जाताना तेलातली बरीच उष्णता घेऊन जातं, आणि तेल झपकन निवतं. जिरं जळायच्या बेतात असतं तेव्हा ही पानं येऊन त्याला वाचवतात. म्हणून कढीपत्ता शेवटी. आधी घातला तर तेल निवतं आणि मोहरी रुसते.

मात्र पाणी पानाच्या आत हवं, पानावर नको. आत्तीनं धुतलेली पानं आधीच पंचावर पसरून कोरडी केली होती. टाकताना दोन-चार पानं मधे चुरडली, बाकीची अख्खी. नळाखालची पानं थेट तेलात टाकणाऱ्याला कढीपत्ता आवडत नसून फटाके आवडत असावेत. वाळकी पानं घालणाऱ्याचं दुःख वेगळं. पान उन्हात वाळवलं की वास बहुतेक वाऱ्यावर गेलेला असतो, त्यात पाणीही नसल्यानं ब्रेक लागत नाही, आणि ती क्षणात जळतात. ताजी डहाळी मिळाली नाही तर कढीपत्त्यावाचून फोडणी करावी. तिला कुणी नावं ठेवणार नाही.

पानं तेलात पडली की जोरात चुरचुरतात. हा आवाज म्हणजे पाणी बाहेर पडतंय. आवाज बारीक होत जातो, पान हिरवंच राहून काचेसारखं कडक आणि किंचित पारदर्शक होतं. आवाज थांबला म्हणजे पाणी संपलं, आणि आता तेल आणि पान यांच्यामध्ये कुणी उरलं नाही. हा क्षण भडंगाला फार महत्त्वाचा. जयसिंगपूरपासून कोल्हापुरापर्यंत भडंग करणारा माणूस कढीपत्त्याचा आवाज पूर्ण थांबेपर्यंत चुरमुऱ्यांना हात लावत नाही, कारण पानात पाणी उरलं तर ते रात्रीतून चुरमुऱ्यात उतरतं आणि सकाळी डब्यात भडंगाऐवजी वादड काहीतरी निघतं. तिथं आच चालू ठेवून, अगदी मंद, पानं कुरकुरीत करतात. मोहरी-जिरं घालायचंच असेल तर पानं नि लसूण आधी तळून बाजूला काढतात. दहीबुत्तीला एवढी कडक शिस्त नको. आवाज निम्म्यावर आला की झालं.

"आता वता!" दाजी भाताचं पातेलं पुढं करून तयार. आत्तीनं पळी ओट्यावर ठेवून दिली.

"निवू दे जरा."

इथं खरी ठिणगी पडली. दाजींच्या मते फोडणी म्हणजे चर्र. चर्र झालं नाही तर जेवण सुरू झालं हे माणसाला कळणार कसं? आमटीवर त्यांचं म्हणणं बरोबर आहे. गरम वरणावर गरम फोडणी ओतावी, चर्र करावी आणि त्याच क्षणी झाकण घालावं, म्हणजे वाफेबरोबर निघालेला वास आतच राहतो. चर्र झाल्यावर झाकण हातात घेऊन कौतुक करत उभं राहणाऱ्याचा वास छताला जातो. पण दही निराळं. उकळतं तेल थेट दह्यात गेलं की जिथं पडतं तिथं दही फाटतं, दाणेदार होतं, आणि त्या भोवती पाणी सुटतं. म्हणून कोमट होईपर्यंत थांबायचं, दोन-तीन मिनिटं. जिऱ्याला धक्का नको म्हणून लोखंडी पळीतून फोडणी एखाद्या थंड वाटीत काढून ठेवली तर आणखी उत्तम. आणि मग ओतून, हलवून, झाकण. पण दोन-तीन मिनिटंच. सकाळीच फोडणी करून दुपारी घालणारी माणसंही आहेत. त्यांच्या वाटीत दुपारी तेल असतं, दाणे असतात, पानं असतात, वास तेवढा फिरायला गेलेला असतो.

आत्तीनं फोडणी गुपचूप ओतली. कसलाही आवाज नाही. राखाडी मोहरी, तांबूस जिरं, हिरवी पानं, सगळं पांढऱ्या भातावर ज्याच्या त्याच्या रंगात. दाजींनी एक घास घेतला, दुसरा घेतला, तिसऱ्याला मान डोलावली. मग म्हणाले, "चव लई भारी हाय, आत्ती. पर काय तरी कमी वाटतंय."

"चर्र?"

"व्हय."

आत्तीनं दुसरी फोडणी करून थंड वाटीत काढली आणि गरम पळी तशीच हातात धरली. तिच्या बुडाला चमचाभर तेल, तीन-चार जिरं आणि एक पान चिकटून राहिलं होतं. हे असं तेल कुठलीही शहाणी बाई घासायला जाऊ देत नाही. तिनं बाजूचा कोरा भात एक डाव त्यात घातला.

चर्र!

भात पळीतच घोळवून, वर चिमूट मीठ टाकून तिनं तो दाजींच्या ताटात वाढला. तेव्हापासून दाजी फोडणी मध्यम आचेवर करतात, गॅस वेळेवर बंद करतात, जिऱ्याला जपतात. सगळी मेहनत पळीतल्या त्या एका घासासाठी. दहीबुत्ती ते आम्हाला देतात.